कपाट आलं, एक फळी तडकलेली आहे. सोमवारी फिटरला जोडू द्यावं का?

शुभदा_मुलुंड | शनिवार, संध्या. ६.१०

मंडळी, जरा घाईत विचारतेय, कारण परवा सकाळी अकराला फिटर येणार आहे.

आईसाठी तीन दारांचं कपाट ऑनलाइन मागवलं होतं. उंची २१० सेंमी, रुंदी १२०, खोली ५८. पार्टिकल बोर्डचं आहे. सुटे भाग खोक्यांत येतात आणि घरी जोडायचे असतात, तसलं. आज दुपारी ऐन पावसात टेम्पो आला. सोबत दोन पोरं, खोकी पाच. सगळ्यात लांब खोकं आमच्या लिफ्टमध्ये मावेना, मग त्यांनी ते जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवलं. दारात टेकवलं आणि लगेच ओटीपी मागितला. मी म्हटलं, आधी उघडून बघू द्या. तर म्हणाला, "ताई, उघडायची परवानगी नाही आम्हाला, अजून सहा ठिकाणी जायचंय." लांब खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता आणि दुसऱ्या एका खोक्यावर ओला डाग होता. दोन्हींचे फोटो काढले आणि ओटीपी दिला.

आता सगळं हॉलमध्ये चादरीवर मांडून पाहिलं. तीन गोष्टी सापडल्या.

डाव्या बाजूच्या उभ्या फळीचा खालचा मागचा कोपरा चेचला गेलाय. साधारण चार सेंमीचा त्रिकोण, सनमायका उडालाय, आतला भुसा दिसतोय. बघवत नाही.

तळाच्या फळीच्या एका टोकाला जे मोठं गोल भोक आहे, तिथून कडेपर्यंत केसासारखी बारीक रेघ गेली आहे. बोट फिरवलं तेव्हा भुशाची पूड हाताला लागली, म्हणून कळलं. नाहीतर दिसलीही नसती.

आणि आतल्या एका खणाच्या फळीची मागची कड हाताला जाड लागते. डोळ्याला काही दिसत नाही.

फोन केला तर म्हणतात, "फिटर येऊ द्या, तो बघून सांगेल." भाऊ म्हणतो, मोठी फळी बदलून घे, बारीक रेघेचं काही नाही. काय करू?

गिरगावचा_बाळू | शनिवार, संध्या. ६.३२

ताई, ओटीपी दिलात ना? मग विषय संपला. ओटीपी म्हणजे माल चांगला मिळाला अशी सही. आता ते काही ऐकणार नाहीत. फिटरला शंभर-दोनशे जास्त द्या, तो भुसा आणि फेविकॉल कालवून कोपरा भरून देईल. आमच्या चाळीत तीन कपाटं अशीच उभी आहेत, एकाचंही काही बिघडलं नाही.

केतकी_बोरिवली | शनिवार, संध्या. ६.४०

मुळात पार्टिकल बोर्ड घेतलंतच का, हा माझा प्रश्न. मुंबईच्या हवेत मरीन प्लायच हवा. ओशिवऱ्याला जाऊन सुताराकडून करून घेतलं असतं तर वीस वर्षं बघायला लागलं नसतं. आमच्याकडे २००४ सालचं आहे, अजून दार वाजत नाही.

शुभदा_मुलुंड | शनिवार, संध्या. ६.४७

केतकीताई, घर भाड्याचं आहे. अकरा महिन्यांनी हलवावं लागलं तर सुटं करून नेता यावं म्हणून हे घेतलं. आणि आता तर ते घरात येऊन पडलंय, पुढचं सांगा.

रंधा | शनिवार, रात्री ८.०५

शुभदाताई, मी बावीस वर्षं मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात काढली आहेत. आधी पाच वर्षं फिटिंगवर होतो, आता माल बाहेर पडण्याआधी तपासतो. तुमच्या भावाने जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं आहे. चेचलेला कोपरा दिसायला वाईट, पण त्याने कपाटाचं फारसं बिघडणार नाही. ती केसासारखी रेघ मात्र परत पाठवण्यासारखी आहे.

असं का ते नीट सांगतो. तळाच्या फळीतल्या त्या मोठ्या गोल भोकात एक धातूची चकती बसते, तिला आम्ही मिनीफिक्सची कॅम म्हणतो. उभ्या फळीवर एक दांडी स्क्रूसारखी घट्ट बसवलेली असते. ती तळाच्या फळीच्या टोकातून आत शिरते आणि तिचं डोकं कॅममध्ये अडकतं. पेचकसाने कॅम अर्धा फेरा फिरवली की ती दांडीला आत ओढते आणि दोन फळ्या एकमेकींवर आवळल्या जातात. सगळा जोर येतो तो भोक आणि फळीचं टोक यांच्यामधल्या लाकडावर. ते लाकूड असतं किती? भोकाचा मध्य टोकापासून बहुतेक २४ किंवा ३४ मिमीवर असतो आणि भोक १५ मिमी व्यासाचं. म्हणजे मध्ये उरतात दीड ते अडीच सेंमी. खोलीचं बघाल तर फळी १८ मिमी जाड आणि भोक तेरा-एक मिमी खोल, खाली चार-पाच मिमीचा पापुद्रा राहतो. तुमची रेघ नेमकी त्या दीड-अडीच सेंमीतून गेली आहे. फिटरने कॅम आवळली की रेघ उघडेल. सोमवारी नाही उघडली तरी कपाटात साड्या भरल्यावर उघडेल. तळाची फळी एका बाजूने सुटली की वरची चौकट तिरकी होते आणि दारं एकमेकांवर घासायला लागतात.

आता दोन गोष्टी तपासून सांगा. पहिली, मोबाइलचा टॉर्च फळीवर आडवा टेकवून लावा. वरून उजेड मारला तर रेघ दिसत नाही, आडव्या उजेडात तिची सावली पडते. रेघ भोकापासून सुरू होऊन फळीच्या टोकाच्या जाडीवर उतरली आहे का ते पाहा. त्या जाडीवर दांडीसाठी एक लहान भोक असेल, तिथपर्यंत गेली असेल तर बोलायलाच नको. दुसरी, वर्तमानपत्राच्या कागदाची कड त्या रेघेत शिरते का ते पाहा. फक्त कॅम घालून फिरवून बघू नका, त्याने तुमच्याच हाताने ती फाकेल.

जाड लागणाऱ्या फळीवर स्टीलची पट्टी आडवी, उभ्या कडेवर ठेवा आणि पट्टीखालून उजेड येतो का बघा.

नाखवा | शनिवार, रात्री ८.२०

मी माझं सांगतो, कारण तुमचं कपाटही २१० चं आहे. आमच्या खोलीत भिंतीला लागून पोटमाळा आहे, जमिनीपासून सात फुटांवर, म्हणजे २१३ सेंमी. आम्ही म्हटलं, तीन सेंमी उरतात, आरामात बसेल. फिटरने कपाट आडवं ठेवून पूर्ण जोडलं आणि चौघांनी मिळून उभं करायला घेतलं. वरची कड पोटमाळ्याला अडकली. पुन्हा आडवं केलं, पुन्हा उचललं, पुन्हा अडकलं. शेवटी मागचे खिळे काढून सगळं सुटं करावं लागलं, मागच्या पातळ पुठ्ठ्याला फाटे पडले.

रंधा | शनिवार, रात्री ८.३१

नाखवांचं बरोबर आहे, हे फार जणांचं होतं. आडवं कपाट उभं करताना त्याचा कर्ण मोजायचा असतो, उंची नाही. २१० उंच आणि ५८ खोल कपाटाचा कर्ण २१८ सेंमीच्या आसपास येतो. २१३ च्या पोटमाळ्याखाली ते आडव्याचं उभं होणारच नाही. शुभदाताई, तुमच्याकडे बीम किंवा पोटमाळा असेल तर फिटरला आधीच सांगा, म्हणजे तो उभ्यानेच जोडेल. त्याला दोन माणसं लागतात आणि वेळ दुप्पट लागतो.

शुभदा_मुलुंड | शनिवार, रात्री ९.१५

पोटमाळा नाही, छत साडेनऊ फूट आहे. ते ठीक आहे.

टॉर्च लावून पाहिलं. रंधादादा, अंगावर काटा आला. वरून जे केसासारखं दिसत होतं ते आडव्या उजेडात सरळ भोकापासून टोकापर्यंत गेलंय आणि टोकाच्या जाडीवर सात-आठ मिमी खाली उतरलंय, त्या लहान भोकाला भिडलंय. कागदाची कड शिरली.

खणाच्या फळीवर पट्टी ठेवली तर पट्टी मागच्या कडेवर टेकते आणि मध्ये उजेड दिसतो. शेजारच्या काकांकडे व्हर्नियर मिळाला. फळी मध्ये १८, मागच्या कडेला १९.६. ही फळी ओल्या डागाच्या खोक्यातली आहे.

रंधा | शनिवार, रात्री ९.४०

मग ती पाणी प्यायली आहे. समोरच्या कडेला पीव्हीसीची पट्टी चिकटवलेली असते, म्हणून तिथून पाणी जात नाही. मागची कड बऱ्याच कंपन्या उघडीच ठेवतात, कारण ती दिसत नाही. खोकं ओलं झालं की पाणी पहिलं तिथेच शिरतं. त्या खोक्यातल्या सगळ्या फळ्या अशाच मोजा, विशेषतः सगळ्यात खालच्या.

गिरगावचा_बाळू | शनिवार, रात्री ९.५२

दोन दिवस पंख्याखाली ठेवा, वाळली की बसेल परत. दीड मिमीने काय होतं? दाराची चौकट नाही का पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीत परत सरळ होते?

रंधा | शनिवार, रात्री १०.१०

बाळूदादा, सागाच्या चौकटीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण हा बोर्ड तसा नाही. लाकडाचे तुकडे गोंदात मिसळून, गरम दाबाखाली चेपून तो बनवतात. पाणी लागलं की चेपलेले तुकडे ताण सोडून फुलतात आणि मधला गोंद तुटतो. वाळल्यावर पाणी निघून जातं, तुटलेला गोंद परत जुळत नाही. थोडी जाडी उतरेल, पण १९.६ ची १८ होणार नाही आणि त्या कडेला खिळा धरणार नाही. मागचा पातळ पुठ्ठा तिथेच खिळ्यांनी मारायचा असतो.

तुमचा भुसा-फेविकॉलचा उपाय मात्र मी चुकीचा म्हणणार नाही. चेचलेल्या कोपऱ्याला तोच बरा. कॅमच्या भोकाशी तो चालत नाही, कारण तिथे नुसतं भरून भागत नाही, ओढ सहन करावी लागते.

गिरगावचा_बाळू | शनिवार, रात्री १०.१८

कॅमचं पटलं. पण आमच्या कारपेंटरने एकदा तडकलेल्या भोकाशेजारी पाच सेंमी सरकून नवीन भोक पाडून दिलं होतं, अजून टिकलंय. ते तर चालेल की नाही?

रंधा | शनिवार, रात्री १०.२६

चालेल. ३५ मिमीच्या बिजागरीसाठी जसा खास बिट लागतो तसा इथे १५ मिमीचा लागतो, आणि उभ्या फळीवरची दांडीही तेवढीच सरकवावी लागते. चांगला कारागीर करतो. स्वतःच्या जुन्या कपाटाला मीही केलंय. पण शुभदाताईंचा माल कालपर्यंत गोदामात होता. नवीन भोक पाडलं की फळी परत घ्यायला कंपनीला नकार देण्याचं कारण मिळतं.

पळस | शनिवार, रात्री ११.०२

ओटीपीबद्दल बाळूदादांनी सुरुवातीला जे लिहिलं त्याबद्दल. मी ग्राहक मंचात वकिली करते, म्हणून एवढंच.

ओटीपी म्हणजे खोकी दारात पोचली याचा पुरावा. आतला माल चांगला होता याचा तो पुरावा नव्हे. माल विक्री अधिनियम १९३० च्या कलम ४१ नुसार, न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जात नाही. पण कलम ४२ ही वाचा. मालावर स्वतःच्या मालकीसारखं काही केलंत, किंवा वाजवी वेळ उलटूनही नाकारतो असं कळवलं नाहीत, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. तडकलेली फळी माहीत असताना जोडून घेतलीत तर समोरचा नेमकं हेच म्हणेल. म्हणून फोनवर "फिटर बघेल" म्हणाले एवढ्यावर राहू नका. आज रात्रीच ईमेल करा. फळीचं नाव, खोक्याचा क्रमांक, फोटो, आणि "या दोन फळ्या नाकारत आहे, बदलून द्या" हे शब्द त्यात असू द्या. बिलामागे किती तासांत कळवायचं ते लिहिलेलं असतं, ते आधी पाहा.

ऑनलाइन खरेदीसाठी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० आहेत. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

शुभदा_मुलुंड | शनिवार, रात्री ११.३५

पळसताई, बिल पाहिलं. ४८ तास दिलेत, दुपारी अडीचपासून मोजायचे. ईमेल केला, आठ फोटो जोडले. व्हर्नियर फळीवर लावलेला फोटोही टाकलाय, १९.६ वाचता येतंय.

एक विचारायचं राहिलं. फिटर परवा येणार आहे तर बाकीचं कपाट जोडून घेतलं आणि ही तळाची फळी आली की घातली, असं करता येईल का? आईचे कपडे सगळे पलंगावर आहेत.

रंधा | रविवार, सकाळी ७.४५

तळाची फळी आधी बसते, मग उभ्या फळ्या, मग वरची, मग मागचा पुठ्ठा. तळ नसेल तर चौकटच उभी राहत नाही. तात्पुरती तडकलेलीच घालून नंतर बदलायची म्हटलं तर कॅम उघडायला काही नाही, दोन-तीनदा उघड-बंद केली तरी चालते. मागचा ३ मिमीचा पुठ्ठा मात्र खिळ्यांनी मारलेला असतो. तो काढताना कड फाटते, आणि त्याच भोकांत खिळे पुन्हा मारले की धरत नाहीत. कपाट सरळ उभं ठेवण्याचं काम तो पुठ्ठाच करतो, दिसायला क्षुल्लक असला तरी. म्हणून फिटरला पुढे ढकला. फक्त त्याला सुट्या सामानाची पिशवी तपासायला लावता आली तर बघा. कॅम, दांड्या, लाकडी खुंट्या मोजून घ्या. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर संख्या असते.

सध्या फळ्या जमिनीवर आडव्या, एकावर एक ठेवा, खाली दोन-तीन सपाट लाकडं घाला. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर या हवेत आठवड्यात कमान येते. आणि खोली पुसताना त्यांच्याखाली पाणी जाऊ देऊ नका.

कोलशेत_रोड | रविवार, सकाळी ९.१०

शुभदाताई, त्या चेपलेल्या कोपऱ्याच्या खोक्यावर पांढरा चुना लागलाय का? आमच्याकडे तसंच झालं होतं. जिन्याच्या वळणावर खोकं भिंतीला आपटलं. कंपनी म्हणाली, "तुमची लिफ्ट लहान, आमचा काय दोष?"

शुभदा_मुलुंड | रविवार, सकाळी ९.२५

आता पाहिलं. हो, पुठ्ठ्यावर पांढरा पट्टा आहे आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर रंग उडालाय. सेक्रेटरींनी वॉचमनकडे निरोपही पाठवलाय रंगाबद्दल.

रंधा | रविवार, सकाळी ९.५०

ती उभी फळी २१० बाय ५८, १८ मिमी जाड. एकटीचं वजन साधारण पंधरा किलो भरतं, त्या खोक्यात अशा दोन-तीन असतील. जिन्यात खोक्याचं मागचं टोक खाली लोंबतं, पायरीवर एकदा टेकलं की सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो. गोदामात चेपलेला कोपरा वेगळा दिसतो. तिथे पुठ्ठा दुमडलेला असतो आणि पट्टी सैल पडलेली असते, चुना नसतो.

कोलशेत_रोड | रविवार, सकाळी १०.०५

पण मग जबाबदारी कोणाची? लिफ्टमध्ये मावत नाही हे आम्हाला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

पळस | रविवार, सकाळी १०.४०

ते अटींवर आहे. काही ठिकाणी तळमजल्यापर्यंतच पोचवतो असं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी घरात. घरात पोचवण्याचे पैसे घेतले असतील तर माझ्या मते दारापर्यंतची जबाबदारी त्यांची. सोसायटीच्या भिंतीचा रंग हा वेगळा मुद्दा, त्याचं माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

नाखवा | रविवार, सकाळी ११.३०

रंधादादा, ओटीपी मागणारा पोरगा दारात उभा असतो तेव्हा पाच मिनिटांत नक्की काय बघायचं? त्यांनाही दोष देता येत नाही, भिवंडीहून निघालेला टेम्पो मुलुंड-ठाण्यात फिरतो आणि संध्याकाळपर्यंत संपवायचं असतं.

रंधा | रविवार, दुपारी १.२०

मी घरी मागवतो तेव्हा पहिल्यांदा खोकी मोजतो, पण लेबल वाचून. प्रत्येकावर "५ पैकी ३" असं काहीतरी असतं. कित्येकदा पाच खोकी येतात, पण त्यात एकाच क्रमांकाची दोन असतात आणि चौथं नसतं. ते फिटर आल्यावर कळतं.

मग लांब खोक्याचे आठही कोपरे. आठ म्हणतो, कारण लोक वरचे चार बघतात आणि खालचे चार जमिनीवरच राहतात. पोराला म्हणायचं, एकदा उलटं कर. कोपरा चेपलाय म्हणजे आत गेलंच असं नाही. बरेचदा आत थर्माकोलचा कोपरा असतो आणि तो मार खातो. पण बोट दाबल्यावर पुठ्ठ्याखाली भुसभुशीत लागलं, तर थर्माकोलही गेला आणि आतलं लाकूडही.

ओल्या डागाला मी सगळ्यात जास्त घाबरतो. कोपरा निदान दिसतो तरी. पाण्याने आत काय केलं ते कडा मोजल्याशिवाय कळत नाही, आणि पुठ्ठा वाळला की डागही फिका पडतो. म्हणून डागाचा फोटो ओला असतानाच घ्यायचा, लेबल दिसेल असा.

पोरगा उघडू देत नसेल तर भांडायचं नाही, तो खरंच सांगत असतो. त्याच्या कागदावर "खोकं क्र. २ ओलं, क्र. ४ चा कोपरा चेपलेला, आत तपासलेलं नाही" असं लिहून सही करायची. कागदच नसेल, सगळं फोनवर असेल, तर त्याच्या समोर तेच वाक्य मोठ्याने बोलत व्हिडिओ घ्यायचा. शुभदाताईंनी फोटो काढले ते फार बरं केलं.

केतकी_बोरिवली | रविवार, दुपारी २.०५

मी अजूनही प्लायच घेईन. पण ओल्या खोक्याचं माहीत नव्हतं. लेकीचं टेबल पुढच्या आठवड्यात येतंय, लेबलं वाचून घेईन.

शुभदा_मुलुंड | बारा दिवसांनी, गुरुवार, संध्या. ७.३०

मंडळी, उरलेलं सांगते.

सोमवारी त्यांचा फोन आला, म्हणाले फिटरला तर बघू द्या. मी म्हटलं, बघू दे, जोडू देणार नाही. तो आला, कडेला बसून तळाची फळी हातात घेतली आणि स्वतःच म्हणाला, "मॅडम, ही मी आवळली तर माझ्या हातात येईल." त्यानेच त्यांच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली. पोच मंगळवारी आली. मग मध्ये काही हालचाल नाही, दोनदा ईमेल केला. काल तळाची फळी आणि खणाची फळी आली. या वेळी पाऊस नव्हता. खोकं लहान होतं, दारातच पोराने पुठ्ठ्याचं एक टोक उघडू दिलं. टॉर्च आडवा धरून चारही भोकं पाहिली, मग ओटीपी दिला.

आज जोडून झालं. फिटरने पुठ्ठा मारायच्या आधी मीच टेप धरला आणि दोन्ही कर्ण मोजले. एक २४२.४ आला, दुसरा २४१.४. एका कोपऱ्याला तळव्याने ढकलून त्याने दोन्ही २४१.९ वर आणले आणि मग खिळे मारले. दारं मधल्या फटीत सारखी बसली आहेत.

चेचलेला कोपरा तसाच ठेवला. तो मागे भिंतीकडे आहे, जवळचं दांडीचं भोक त्याच्यापासून पाच सेंमी वर आहे. बाळूदादांच्या सांगण्याप्रमाणे भुसा-फेविकॉल भरला, वाळल्यावर वरून वॉर्निशचे दोन हात दिले म्हणजे फरशी पुसताना पाणी चढणार नाही. त्याबद्दल कंपनीने काही रक्कम परत द्यावी असं लिहिलंय, उत्तर नाही अजून.

एकच. नवीन तळाची फळी जुन्यापेक्षा किंचित पिवळट आहे. तळाला आहे म्हणून चालतंय.

रंधा | गुरुवार, रात्री ८.१५

छान केलंत ताई. रंगाचा फरक लॉटचा आहे, सनमायकाच्या कागदाची छपाई दर लॉटला थोडी हलते. म्हणून दार किंवा बाहेरची फळी बदलून घेताना मी जोडीने बदलून मागायला सांगतो.

पंधरा दिवसांनी सगळ्या कॅम एकदा पेचकसाने हलक्या हाताने तपासा. भार आल्यावर एखादी सैल होते. फिरत असेल तेवढीच आवळा, अडली की थांबा. ड्रिल मशीन लावू नका.

कोलशेत_रोड | गुरुवार, रात्री ८.४०

आणि दुसऱ्या मजल्याच्या रंगाचं काय झालं?

शुभदा_मुलुंड | गुरुवार, रात्री ८.५२

सेक्रेटरींना ईमेलची प्रत दिली आहे. कमिटीच्या बैठकीत घेतो म्हणालेत. ती या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे.